एकच क्रीम, दोन भाव: ठाणे-नवी मुंबईत सलून आणि मेडिकलला स्किनकेअर होलसेल कसं द्यावं

नौपाड्यातल्या पार्लरला एक भाव आणि शेजारच्या मेडिकलला दुसरा भाव दिला की आठवड्याभरात दोघांनाही ते कळतं. रेटलिस्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला वेळ लागत नाही. म्हणून रेटलिस्ट लपवायच्या मागे लागण्यात अर्थ नाही. दोन भावांतल्या फरकाचं कारण रेटलिस्टवरच लिहून ठेवलं की प्रश्न मिटतो. सलूनला जास्त टक्के मिळतात, कारण तो पैसे लवकर देतो आणि माल परत करत नाही. मेडिकलला कमी टक्के मिळतात, कारण त्याला उधारी, स्कीम आणि तारीख गेलेला माल परत द्यायची सोय मिळते. खालचा सगळा हिशेब याच पायावर उभा आहे.

आधी कागद

सौंदर्यप्रसाधनं विकायला औषधासारखं विक्री परवान्याचं बंधन नाही, परवाना बनवणाऱ्याला लागतो. कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार कारखान्याकडे सीओएस-८ परवाना हवा. दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या परवान्यावर बनवून घेत असाल तर सीओएस-९. मेडिकलवाला लेबल उलटून उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत आणि एमआरपी पाहतो. यातलं एक जरी पुसट असेल तर तो माल काउंटरवर ठेवत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. लेबलवर ‘पिंपल्स बरे करते’, ‘बुरशीजन्य आजारावर’ असले दावे करू नका. बरं करण्याचा दावा केला की वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते आणि परवान्यासकट सगळा हिशेब बदलतो.

जीएसटीचा एक बारकावा इथेच समजून घ्या, कारण पुढचे भाव त्यावर ठरतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू, केसांचं तेल, टाल्कम पावडर आणि साबणाची वडी ५ टक्क्यांत आली. पण क्रीम, लोशन, सनस्क्रीन, सीरम १८ टक्क्यांतच राहिली. पातळ फेसवॉशही १८ टक्केच. त्याच दिवसापासून सलूनच्या सेवेवर ५ टक्के कर लागू झाला, मात्र त्यावर इनपुट क्रेडिट मिळत नाही. म्हणजे फेशियलसाठी सलूनने जे क्रीम वापरलं, त्यावर भरलेला १८ टक्के कर त्याच्या खर्चात जातो. त्यामुळे सलूनमध्ये वापरायच्या मोठ्या पॅकचा भाव नेहमी करासकट सांगा. ‘हजार प्लस जीएसटी’ म्हणालात तरी त्याच्या डोक्यात आकडा ११८० चाच असतो, आणि करासाठीची घासाघीस पुन्हा तुमच्याशीच होते.

एमआरपीपासून मागे या

पुष्कळ जण कारखान्याच्या भावावर टक्के चढवत एमआरपीपर्यंत जातात आणि तिथेच फसतात. हिशेब उलटा करा. ग्राहक किती देईल ते आधी ठरवा आणि तिथून एकेकाचा वाटा काढत खाली या.

समजा ५० ग्रॅम सनस्क्रीनची एमआरपी ५९० आहे. यातला कर ९० रुपये, मूळ किंमत ५००. मेडिकलला एमआरपीवर ३० टक्के मार्जिन द्यायचं तर त्याचा खरेदी दर ३५० अधिक कर ६३, म्हणजे ४१३ रुपये. दोन्ही बाजूंना कर तोच असल्याने करासकट पाहा की कराशिवाय, टक्का ३० च राहतो.

इथे भांडण होतं ते ‘३० टक्के’ कशावर यावरून. काही दुकानदार खरेदीवर ३० टक्के धरतात. तसं धरलं तर दर ३८४ रुपये ६२ पैसे येतो. नगामागे सुमारे ३५ रुपयांचा फरक. बोलणी चालू असताना तो कोणाच्याच लक्षात येत नाही, पहिलं बिल गेल्यावर मात्र फोन येतो. म्हणून रेटलिस्टच्या डोक्यावर एक ओळ टाका: ‘मार्जिन एमआरपीवर मोजले आहे.’

आता सलूनचा भाव. त्याच सनस्क्रीनवर सलूनला ४० टक्के द्या: दर ३०० अधिक कर ५४, म्हणजे ३५४. ऐकताना वाटतं की मेडिकलपेक्षा सलूनमध्ये नगामागे ५० रुपये गेले. पण प्रत्यक्ष हातात काय राहतं ते मांडून बघा.

मेडिकल ३५० च्या भावाने घेतं, पण १०+१ स्कीमवर. दहाच्या पैशांत अकरा नग जातात, म्हणजे नगामागे ३१८ रुपये. (दहावर एक ही सूट ९.०९ टक्के होते, १० नव्हे. दुकानदार १० म्हणतो, तेव्हा वाद घालू नका, हिशेब मात्र बरोबर ठेवा.) त्यातून तारीख गेलेल्या मालासाठी १० रुपये, पोहोचवणी १५, टेस्टर आणि सॅम्पल १०, तीस दिवसांच्या उधारीचं व्याज ५ आणि वसुलीच्या फेऱ्यांचे १० वजा करा. उरतात २६८. सलूनकडून ३०० येतात. त्यातून पोहोचवणी १५, टेस्टर आणि मुलींच्या ट्रेनिंगचे १८ गेले की २६७ उरतात. दोन्ही गिऱ्हाइकं तुम्हाला जवळपास सारखीच पडतात. तुमचे खर्चाचे आकडे वेगळे असतील, पण दोन्हीकडची शेवटची रक्कम इतकी जवळ येईपर्यंत टक्के खाली-वर करत राहा. तसं झालं नाही तर जो वर्ग कमी पैसे देतो तिथेच तुमची विक्री वाढत जाते आणि वर्षअखेरीला धंदा मोठा, गल्ला रिकामा अशी गत होते.

मध्ये स्टॉकिस्ट आला तर अजून एक पायरी उतरावी लागते. मेडिकलच्या खरेदी दरावर त्याला १० टक्के दिले की त्याचा भाव ३१५. १०+१ ची स्कीम तुम्हीच सोसत असाल तर ३१५० रुपयांत अकरा नग, नगामागे २८६. एक्स्पायरी, एकगठ्ठा जाणाऱ्या मालाची स्वस्त पडणारी पोहोचवणी आणि टेस्टरचे मिळून २८ वजा केले की २५८ हातात. कारखान्यातून पॅकिंगसकट नग १५० ला पडत असेल तर हे चालतं. २०० ला पडत असेल तर उरलेल्या ५८ रुपयांत प्रतिनिधीचा पगार आणि जाहिरात बसवणं कठीण. अशा वेळी एमआरपी वाढवायची की स्टॉकिस्टशिवाय मोजकीच दुकानं करायची, हे रेटलिस्ट छापण्याआधी ठरवा. छापल्यावर एमआरपी वाढवायला बाजार वेळ देत नाही.

रेटलिस्टचा कागद

सलूनसाठी एक आणि मेडिकलसाठी एक, अशा दोन वेगळ्या पीडीएफ ठेवा. प्रत्येकीवर लागू तारीख आणि ‘९० दिवस लागू’ अशी नोंद असू दे. मेडिकलच्या यादीचा मासला असा:

| वस्तू | पॅक | एमआरपी | दर (कराशिवाय) | दर (करासकट) | स्कीम |
|---|---|---|---|---|---|
| सनस्क्रीन | ५० ग्रॅम | ५९० | ३५० | ४१३ | १०+१ |
| मॉइश्चरायझर | १०० मिली | ४७२ | २८० | ३३०.४० | नाही |
| फेसवॉश | १०० मिली | २९५ | १७५ | २०६.५० | नाही |

या तक्त्याखाली एचएसएन क्रमांक, किमान ऑर्डर, पैसे देण्याची मुदत आणि परतीची अट एकेका ओळीत लिहा. अटी वेगळ्या कागदावर ठेवल्या तर तो कागद नेमका वादाच्या दिवशी सापडत नाही.

सगळ्या वस्तूंवर स्कीम देऊ नका. ज्या वस्तूने दुकानात पाय रोवायचा आहे तिच्यावरच द्या. ती वस्तू ग्राहक आपणहून मागू लागला की स्कीम १०+१ वरून २०+१ वर आणता येते. एकदम बंद केली तर मात्र दुकानदार महिनाभर ऑर्डरच देत नाही.

सलूनच्या यादीत एक जास्तीचा रकाना हवा: मोठ्या पॅकसाठी ‘एका फेशियलला पडणारा खर्च’. ५०० मिलीचं मसाज क्रीम करासकट ११८० ला आणि एका फेशियलला १५ मिली धरलं तर ३३ फेशियल होतात, म्हणजे एकाला साधारण ३६ रुपये. सलूनमालकीण डब्याच्या किमतीपेक्षा हा आकडा आधी पाहते, कारण तिला ९०० रुपयांच्या फेशियलमध्ये साहित्य किती गेलं ते मोजायचं असतं. १५ मिली हे मनाने लिहू नका. तिथल्याच मुलीकडून एक फेशियल करून घ्या, डबा आधी आणि नंतर वजनकाट्यावर ठेवा. कंपनीने १० मिली सांगितलं आणि प्रत्यक्षात २० गेले, तर दुसरी ऑर्डर येत नाही आणि कारणही कोणी सांगत नाही.

स्वतःच्या वेबसाइटवरचा भावही याच हिशेबाचा भाग आहे. तिथे तुम्ही २५ टक्के सूट दिली तर सनस्क्रीन ग्राहकाला ४४२ ला मिळतं. मेडिकलने ते ४१३ ला घेतलेलं असतं. काउंटरवर ग्राहक फोन दाखवतो आणि दुकानदार तुमचा माल खालच्या फळीवर टाकतो. ऑनलाइन सूट १० टक्क्यांच्या आत ठेवा. जास्त द्यायचीच असेल तर फक्त ऑनलाइन मिळणारा वेगळ्या मापाचा पॅक काढा.

किमान ऑर्डर: नगांवर नको, रुपयांवर

खोक्यात २४ नग बसतात म्हणून ‘किमान एक खोकं’ अशी अट लावली तर ठाण्यातलं छोटं मेडिकल दारातूनच परत पाठवतं. सहा वस्तूंची एकेक खोकी म्हणजे १४४ नग होतात. तेवढी जागा त्याच्याकडे नाही आणि तेवढा विश्वासही अजून नाही. म्हणून किमान ऑर्डर रुपयांत ठरवा, आणि ती पोहोचवणीच्या खर्चावरून काढा. पोहोचवणी बिलाच्या चार ते पाच टक्क्यांवर जाऊ नये.

वागळे इस्टेटमध्ये गोदाम आहे असं धरू. नौपाडा, पाचपाखाडी, वर्तकनगर भागात दुचाकीवरून एक ठिकाण १०० रुपयांत होतं, तर किमान ऑर्डर २५०० ठेवता येते. खारघरच्या एकाच दुकानासाठी वेगळी गाडी २५० रुपये घेणार असेल तर किमान ऑर्डर ६००० होईल, आणि तेवढी रिपीट ऑर्डर छोटं दुकान देत नाही. यावर उपाय म्हणजे वार ठरवणं. गुरुवारी ऐरोली, घणसोली, वाशी, नेरूळ, खारघर अशी एकच फेरी, छोटा टेम्पो ९०० रुपये, नऊ थांबे. थांब्याला १०० रुपये पडले की नवी मुंबईतही २५०० ची अट चालते. गुरुवार चुकला तर पुढचा गुरुवार, ही अट रेटलिस्टवर छापा आणि पाळा. ‘आजच हवंय’ म्हणणाऱ्याला पोहोचवणीचे पैसे वेगळे लावा. पावसाळ्यात विटाव्याच्या पुलाखाली पाणी साचलं की ही फेरी कोलमडते, म्हणून जुलैमध्ये सकाळी लवकर निघा आणि ऑर्डरी मंगळवारी बंद करा. मे महिन्यात याच्या उलट काळजी घ्यायची. बंद टेम्पोत दुपारभर तापलेलं क्रीम फुटून पाणी सोडतं आणि दोष बॅचवर येतो.

पहिल्या ऑर्डरची किमान रक्कम रिपीटच्या दुप्पट ठेवा, ५००० च्या आसपास, आणि एका वस्तूचे कमीत कमी तीन नग. दोन नग फळीवर दिसतच नाहीत. एक विकला गेला की उरलेल्या एकाला ग्राहक ‘जुना माल’ समजतो.

पैसे कधी

सलूनसाठी नियम साधा ठेवा. पहिल्या दोन ऑर्डरी माल हातात देताना यूपीआयने, त्यानंतर १५ दिवस. सलूनचे पैसे रोज येतात, त्यामुळे तीस दिवसांची उधारी त्यांना लागत नाही. दिलीत तर ती रक्कम भाड्याच्या तारखेला अडकते. पार्लरची जागा बदलते, मॅनेजर सोडून जाते, भागीदार वेगळे होतात. म्हणून उधारीच्या कागदावर मालकाचीच सही घ्या, मॅनेजरची नको.

मेडिकलला बिलाच्या तारखेपासून ३० दिवस, आणि तेही ‘बिल टू बिल’: मागचं बिल चुकतं झाल्याशिवाय पुढचा माल उतरत नाही. मुदत बिलाच्या तारखेपासून मोजायची, महिनाअखेरीपासून नाही. ३ तारखेच्या बिलाला ‘महिनाअखेरीपासून ३०’ लावलं तर ते जवळपास ५८ दिवसांचं होतं.

एक पूर्ण बिल करून पाहू. वाशीच्या सेक्टर १७ मधल्या एका मेडिकलची पहिली ऑर्डर: सनस्क्रीन १० नग ३५०० (वर एक फुकट), फेसवॉश १० नग १७५०, मॉइश्चरायझर ५ नग १४००. एकूण ६६५०, कर ११९७, बिल ७८४७. फुकटचा नग बिलात शून्य दराने दाखवा, बॅच क्रमांकासकट. तो बिलात नसेल तर एक्स्पायरीच्या वेळी परतीचे अकरा नग येतात आणि तुमच्या नोंदीत दहाच असतात.

हा दुकानदार ३० ऐवजी ७ दिवसांत पैसे देण्याच्या बदल्यात २ टक्के रोख सूट मागेल. २३ दिवस आधी पैसे मिळावेत म्हणून २ टक्के सोडणं म्हणजे वर्षाला ३२ टक्के व्याजाने पैसे उचलण्यासारखं आहे. १ टक्का दिला तर ते १६ वर येतं. बँकेच्या कॅश क्रेडिटपेक्षा तेही महाग, पण वसुलीच्या दोन फेऱ्या वाचतात, म्हणून १ टक्का परवडतो. ही सूट आधीच लिहून ठरवा आणि त्या बिलाला जोडा; दुकानदार त्यावरचं तेवढं इनपुट क्रेडिट परत करत असेल, तरच क्रेडिट नोटमध्ये करही कमी करता येतो: ६६.५० अधिक कर ११.९७.

उधारीला कमाल मर्यादाही हवी. गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी खरेदीच्या दीडपट, त्यापुढे नाही. मुदतीनंतर दहा दिवसांनी माल थांबतो, हे प्रत्येकाला सारखंच लागू करा. पूर्ण बिलाऐवजी अर्धवट रक्कम येऊ लागली, म्हणजे ७८४७ च्या बिलावर ‘पाच हजार घ्या, बाकीचे नंतर’, तर ते अडचणीचं पहिलं लक्षण समजा. मग नवीन ऑर्डर रोखीनेच. पुढच्या तारखेचा चेक घेत असाल तर तो लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांतच चालतो. परत आला तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस गेलीच पाहिजे, नाहीतर चेक न वटल्याच्या खटल्यासाठी कलम १३८ चा आधार हातचा जातो.

तुमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून सूक्ष्म किंवा लघु गटात असेल तर क्रमांक बिलावर छापा. एमएसएमईडी कायदा २००६ नुसार लेखी करार असला तरी मुदत ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसच. तयार माल घेऊन नुसता विकणाऱ्या व्यापारी नोंदणीला मात्र हे संरक्षण धरून चालू नका, आपल्या सीएला विचारूनच बिलावर ओळ टाका.

जाकड आणि परती

‘ठेवून जा, विकलं की देतो’ ही मागणी प्रत्येक तिसऱ्या काउंटरवर होते. असा जाकडावरचा माल बिलाऐवजी डिलिव्हरी चलनावर जातो, आणि जीएसटीच्या नियमाने सहा महिन्यांत त्याचं बिल व्हावंच लागतं. सहा महिने थांबू नका. द्यायचाच तर अर्धा माल बिलावर आणि अर्धा जाकडावर द्या, तीस दिवसांनी स्वतः मोजणी करा. संपूर्ण जाकड दिला की दुकानदाराचा पैसा अडकलेला नसतो, त्यामुळे तो तुमची वस्तू दाखवतही नाही.

एक्स्पायरीची अट मेडिकलसाठी अशी लिहा: मुदत संपायच्या चार महिने आधी कळवलं तर बदली माल किंवा क्रेडिट नोट, गेल्या सहा महिन्यांच्या खरेदीच्या ३ टक्क्यांपर्यंत. बॅच आपल्या बिलातली असलीच पाहिजे. ही बॅचची अट फार कामाची आहे. दुसऱ्या बाजारातून स्वस्तात उचललेला माल परतीत मिसळला जातो, तो यातच पकडला जातो. तुमच्या बाजूने एक शब्द पाळा: निम्म्याहून कमी मुदत उरलेला माल मेडिकलला पाठवू नका. तो सलूनला, मोठ्या वापराच्या ठिकाणी, आधी सांगून कमी भावात द्या.

सलूनला परती नाही, फक्त फुटका किंवा गळका नग ४८ तासांत फोटोसह. त्याऐवजी तिथे माल हलवायची सोय करा. खुर्चीवर बसलेल्या बाईला सनस्क्रीन लावणारी मुलगीच ते विकते, मालकीण नाही. मालकिणीच्या ४० टक्क्यांतून त्या मुलीला नगामागे ३० रुपये ठरले की कपाटातला माल हलतो. हे ऑर्डर घेतानाच मालकिणीशी बोला, नंतर मुलींना परस्पर पैसे देऊ नका.

भेटीला गेलात की ऑर्डर विचारण्याआधी उरलेला माल मोजा. मागची शिल्लक अधिक दिलेला माल, वजा आजची शिल्लक, म्हणजे खरी विक्री. तीस दिवसांत तीनपेक्षा कमी नग गेलेली वस्तू पुढच्या ऑर्डरीतून स्वतःहून काढा, मागितली तरी. मेडिकलला दुपारी दोन ते चारच्या शांत वेळेत जा, संध्याकाळच्या गर्दीत पैशांचं बोलणं निघालं की ‘उद्या या’ हेच उत्तर मिळतं. सोमवारी कित्येक सलून बंद असतात, शनिवार-रविवार तर विसराच.

भाव वाढवायचा झाला तर १५ दिवस आधी लेखी कळवा आणि त्या काळात प्रत्येकाला नेहमीच्या ऑर्डरच्या दीडपटीपर्यंतच जुन्या भावाने द्या, नाहीतर एखादा स्टॉकिस्ट तीन महिन्यांचा माल उचलून ठेवतो. जुन्या एमआरपीचा माल जुन्याच एमआरपीला विकायचा असतो, नवा स्टिकर लावून चढ्या भावाने नाही. म्हणून नवी एमआरपी नव्या बॅचपासून लावा आणि दुकानातला जुना साठा किती आहे ते त्याच भेटीत मोजून वहीत लिहा.